डोळे चालतात, पाय थांबतात : आभासी खेळांतल्या मळमळीच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीत ऊन लागते, नजर लागते, ठेच लागते आणि गाडीही लागते. घाटातल्या एसटीत बसलेल्या कुणालाही या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. गाडी लागणाऱ्याला पुढच्या बाकावर बसवावे, लांबवर बघायला सांगावे, पुस्तक किंवा मोबाइल हातात देऊ नये, हे घरातल्या मोठ्यांना कुठल्याही ग्रंथाविना ठाऊक असते. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिलेली असते. ज्याला मागच्या बाकावर दर वेळी गाडी लागते, तोच माणूस स्वतः स्टिअरिंगवर बसला की त्याला सहसा काही होत नाही. आभासी वास्तवाच्या खेळात चालताना होणाऱ्या मळमळीचा अभ्यास करताना या घरगुती निरीक्षणांचा पुढे सतत उपयोग होईल. म्हणून वाचकांनी ती मनाशी ठेवूनच या विषयात पाऊल टाकावे.

गाडीत आणि हेडसेटमध्ये घडते ते एकमेकांच्या उलट. घाटात पुस्तक वाचणाऱ्याच्या शरीराला प्रत्येक वळण आणि प्रत्येक ब्रेक कळतो. डोळ्यांपुढचे पान मात्र जागचे हलत नाही. हेडसेट घातलेला खेळाडू आपल्या खोलीत सतरंजीवर उभा असतो, अंगठ्याने थंबस्टिक पुढे ढकलतो आणि डोळ्यांपुढचा रस्ता धावू लागतो. डोळे सांगतात की आपण चाललो आहोत, आणि शरीर सांगते की आपण उभे आहोत. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि त्याचा त्रास पोटाला होतो. जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी १९७५ साली गतीच्या मळमळीवरच्या पुस्तकात ही संवेदनांच्या विसंगतीची उपपत्ती सविस्तर मांडली. तिला प्रतिस्पर्धी उपपत्ती आहेत. १९९१ साली रिशिओ आणि स्टॉफ्रेगन यांनी दोष विसंगतीला न देता शरीराचा तोल सांभाळण्यातल्या अडचणीला दिला. हा वाद मिटलेला नाही. तरीही खेळ बनवणाऱ्याला रोजच्या कामात विसंगतीची कल्पनाच अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे, कारण बिघाड कुठे शोधायचा हे ती दाखवते.

शरीराची जबानी येते ती आतल्या कानातून. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याचे कळवतात, आणि शेजारच्या दोन पिशव्यांतले चुन्याचे सूक्ष्म खडे सरळ रेषेतली ओढ आणि डोक्याचा कल कळवतात. यातली एक बाब नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. कानाला वेग कळत नाही. वेगातला बदल कळतो. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीत डोळे मिटून बसलात तर गाडी पुढे चालली आहे की उभी आहे, हे कान सांगू शकत नाही. गाडी सुटताना, थांबताना किंवा वळताना मात्र तो लगेच बोलतो. म्हणजे डोळ्यांना एकसारखी सरळ चाल दिसत असेल तर कानाच्या मौनाशी तिचा फारसा विरोध येत नाही. डोळ्यांना वेग वाढताना, घटताना किंवा दिशा बदलताना दिसते आणि कान तेव्हाही गप्प राहतो, तिथे भांडण सुरू होते.

डोळ्यांची जबानी किती प्रभावी असते, याचा अनुभव लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला आहे. आपली गाडी स्टेशनात उभी असते, शेजारच्या रुळावरची सुटते आणि क्षणभर आपणच मागे सरकत असल्याचे वाटते. नुसत्या डोळ्यांनी होणाऱ्या या गतीच्या भासाला शास्त्रात व्हेक्शन म्हणतात. खिडकीभर पसरलेली शेजारची गाडी हा भास सहज घडवते, पण हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर धावणारी तीच गाडी तो घडवत नाही. नजरेच्या कडा भरून काही सरकू लागले की मेंदू ते चटकन स्वतःचे सरकणे समजतो. हेडसेटमध्ये या कडा भरलेल्याच असतात. त्याची खरी मोहिनी तिथेच आहे, आणि आपली अडचणही तिथलीच.

या मळमळीचा अभ्यास घरगुती हेडसेटांच्या बराच आधीचा आहे. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांना जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये हाच त्रास होई. तो मोजण्यासाठी रॉबर्ट केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेली सोळा लक्षणांची प्रश्नावली आजही वापरात आहे. २०१६ साली घरी वापरायचे चांगले हेडसेट बाजारात आले आणि वैमानिकांचा प्रश्न खेळाडूंचा झाला. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या अजॉय फर्नांडिस आणि स्टीव्हन फायनर यांनी चालताना दृश्याच्या कडा हळूच झाकण्याविषयीचा आपला प्रयोग मांडला. युबिसॉफ्टचा गरुडाच्या नजरेतून पॅरिसवर उडण्याचा ईगल फ्लाइट हा खेळ आणि गूगल अर्थची व्हीआर आवृत्ती हेही २०१६चेच. दोन्हींत उडताना दृश्याच्या कडा आत येत. २०२० साली व्हॉल्व्हच्या हाफ-लाइफ : ॲलिक्समध्ये खेळाडूला चालण्याचे वेगवेगळे प्रकार निवडता आले : पापणी लवताच नव्या जागी पोचवणारा, तिथवर झपकन सरकवणारा आणि थंबस्टिकने सलग चालवणारा. या क्षेत्रातली आजची सर्वसाधारण समजूत या निवडीत दिसते. सगळ्यांना सोसेल अशी एकच चाल नाही. काही चाली मात्र बहुतेकांना सोसतात.

तत्त्व इतके पुरे. आता एका छोट्या खेळातला एक तुकडा तुमच्यापुढे ठेवतो. तो मी स्वतः दोनदा बांधला आणि पहिल्या वेळी चुकलो. खेळ एका जुन्या वाड्यातला आहे. खेळाडू दिंडी दरवाजातून आत येतो, सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद देवडीतून चौकात पोचतो, चौकात उजवीकडे वळतो आणि भिंतीतल्या अरुंद जिन्याच्या बारा पायऱ्या चढून माडीवर जातो. एवढाच प्रवास, मिनिटभराचाही नाही. पहिल्या बांधणीत खेळाडू सेकंदाला तीन मीटर वेगाने सरकत होता, आणि जिन्यावर त्याच्या निम्म्याने. थंबस्टिक दाबली की हा वेग अर्ध्या सेकंदात हळूहळू चढे, सोडली की हळूहळू उतरे. वळणे सलग होते, सेकंदाला नव्वद अंशांचे. पडद्यावर पाहताना सगळे लोण्यासारखे मऊ दिसत होते. हेडसेट घातलेल्या पाहुण्यांपैकी बरेच जण माडीवर पोचण्याआधीच थांबले.

माझा पहिला अंदाज चौकाविषयी होता, कारण चौक मोठा आणि उघडा. तो अंदाज चुकीचा निघाला, आणि का चुकीचा निघाला ते गणिताने दिसते. डोळ्याच्या बाजूने भिंत किती भरभर सरकते हे वेग भागिले अंतर यावरून ठरते. देवडीत भिंत डोळ्यापासून एक मीटरवर आहे. तीन मीटर वेगाने जाताना ती सेकंदाला सुमारे १७२ अंश या गतीने मागे पळते. चौकात भिंत पाच मीटरवर आहे. तिथे तीच गती जेमतेम ३४ अंश होते. चाल तीच, वेग तोच, पण देवडीत डोळ्यांना कळणारी धावपळ पाचपट. जिना तर आणखी अरुंद, ऐंशी सेंटीमीटरचा. तिथे भिंत डोळ्यापासून चाळीस सेंटीमीटरवर येते, आणि वेग निम्मा करूनही ती सेकंदाला २१५ अंशांनी पळते. खेळाचा नकाशा हातात घेऊन भिंती कुठे जवळ येतात तिथे खुणा करण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी. मळमळीचा नकाशा बहुधा त्याच खुणांवरून निघतो.

दुसऱ्या बांधणीत पहिला बदल चालीत केला. वेग दीड मीटरवर आणला, म्हणजे माणसाच्या खऱ्या चालण्याच्या जवळ, आणि देवडीतली भिंतीची धावपळ निम्मी झाली. दुसरा बदल सहजबुद्धीच्या विरुद्ध जाणारा आहे. वेग हळूहळू चढण्याचा तो अर्धा सेकंद मी काढून टाकला. थंबस्टिक दाबली की पूर्ण वेग, सोडली की थांबणे. पडद्यावर हे अडाणी दिसते. पण कानाची बाजू आठवा : त्याचा वाद वेगाच्या बदलाशी आहे. हळूहळू चढणारा वेग म्हणजे वादाला दिलेला अर्धा सेकंद. एकदम आलेला वेग हा वाद एकाच फ्रेममध्ये संपवतो. डोके वरखाली हलवणारा चालण्याचा झोकाही काढला. पडद्यावरच्या खेळांत तो जिवंतपणा आणतो. हेडसेटमध्ये खेळाडूचे डोके त्याच्या खऱ्या मानेवर असते, आणि ते दुसऱ्या कुणी हलवलेले त्याला सोसत नाही.

इथे ड्रायव्हरची गोष्ट पुन्हा येते. स्टिअरिंग हातात असणाऱ्याला पुढचा झोका कधी येणार ते आधीच माहीत असते, म्हणून त्याचा मेंदू तयारीत असतो. थंबस्टिक दाबणारा खेळाडू हाही ड्रायव्हरच. पण खेळात कुठेतरी कॅमेरा त्याच्या हातून काढून घेतला, दाखवण्यासारखे काही आहे म्हणून त्याला आपणच वळवले किंवा धक्क्याने मागे ढकलले, की तो क्षणात मागच्या बाकावरचा प्रवासी होतो. अशा जागा मी शोधून काढल्या. दोन निघाल्या, आणि दोन्ही मला फार आवडणारी दृश्ये होती. ती मोडून, दाखवायचे ते आवाजाने दाखवायचे ठरवले. माडीवर भांडे पडते, खेळाडू स्वतः मान वळवतो.

यानंतर वळण. सलग वळण हा आभासी खेळातला सर्वांत त्रासदायक प्रकार आहे, असे मी अनुभवाने म्हणेन. सरळ चालताना नजरेच्या मधोमध निदान एक शांत बिंदू असतो, ज्या दिशेने आपण जातो तो. वळताना सगळे दृश्य एकाच बाजूला वाहते, आणि नजर टेकवायला जागा उरत नाही. चौकातून जिन्याकडे जाणाऱ्या नव्वद अंशांच्या वळणात पहिल्या बांधणीत पूर्ण एक सेकंद असा जात असे. झटक्याच्या वळणात, ज्याला बनवणारे स्नॅप टर्न म्हणतात, हा सेकंदच गळतो. थंबस्टिक उजवीकडे दाबली की दृश्य एका फ्रेममध्ये तीस अंश वळलेले असते. मधले काहीच दिसत नाही. गतीचा भास उमलायला डोळ्यांना सरकणारे दृश्य काही काळ दिसत राहावे लागते. इथे सरकणेच दाखवलेले नसते. आपले डोळेही एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतात तेव्हा मधले दृश्य मेंदू दाबून टाकतो. त्यामुळे असे तुटक पाहणे त्याला वाटते तितके परके नाही.

किती अंशांची उडी घ्यावी, याला माझे उत्तर सुरुवातीला तीस हे आहे. पंचेचाळीस अंशही सर्रास वापरतात, आणि त्यात पूर्ण वर्तुळ बाराऐवजी आठ दाबांत होते. त्याहून मोठ्या उडीत मात्र मळमळ कमी होऊनही माणूस हरवतो. आधी समोर असलेला जिना आता कुठे गेला, हे शोधायला तो मान फिरवू लागतो. तीस अंशांत आधीच्या दृश्याचा बराचसा भाग नव्या दृश्यात उरतो आणि खूण हातची जात नाही.

कोडमध्ये हे काम चार ओळींचे वाटते, पण त्यात दोन खाचा आहेत. युनिटीत ते साधारण असे लिहिता येईल :

```csharp
if (!locked && Mathf.Abs(stick.x) > 0.7f)
{
    float angle = Mathf.Sign(stick.x) * 30f;
    rig.RotateAround(head.position, Vector3.up, angle);
    locked = true;
}
else if (Mathf.Abs(stick.x) < 0.3f)
{
    locked = false;
}
```

पहिली खाच `locked`मध्ये आहे. थंबस्टिक मध्यावर परत येईपर्यंत दुसरे वळण होऊ द्यायचे नाही. ही अट नसली की दाबून धरलेली थंबस्टिक दर फ्रेमला तीस अंश फिरवते आणि खेळाडू भोवऱ्यासारखा गरगरतो. दुसरी खाच `head.position`मध्ये आहे, आणि ती पटकन दिसत नाही. नवखा माणूस बहुधा `rig` जागच्या जागी फिरवतो. `rig`चा मध्य म्हणजे खेळाडूच्या खोलीचा मध्य. खेळाडू नेमका तिथेच उभा असेल तर काही बिघडत नाही, म्हणून बनवणाऱ्याच्या टेबलाजवळ ही चूक सापडत नाही. पण तो मध्यापासून एक मीटर बाजूला सरकलेला असला, तर तीस अंशांच्या वळणात त्याचे डोके खेळातल्या जगात ५२ सेंटीमीटर बाजूला फेकले जाते. ‘वळलो की जमीन पायाखालून सरकते’ असे कुणी म्हणाले तर आधी ही ओळ तपासा. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून जवळच्या खांबाकडे बघत वळणे, एवढी चाचणी पुरते.

जिन्याकडे येऊ. बारा पायऱ्या, प्रत्येकी पंचवीस सेंटीमीटर रुंद आणि वीस सेंटीमीटर उंच. दीड मीटर वेगाने आडवे तीन मीटर दोन सेकंदांत संपतात, आणि त्या दोन सेकंदांत कॅमेरा बारा वेळा वर उसळतो. सेकंदाला सहा धक्के, आणि कानाला एकाचाही पत्ता नाही. उपाय जुना आणि साधा आहे. पायऱ्या दिसायला तशाच ठेवायच्या आणि त्यांच्यावर न दिसणारा उतार टाकायचा. डोळ्यांना दगडी पायऱ्या दिसतात, पाय मात्र घसरगुंडीवरून चढल्यासारखे एका रेषेत वर जातात. धक्के गेले. जिन्यावरचा वेग एक मीटरवर आणला तेव्हा भिंतीची धावपळही २१५ अंशांवरून १४३वर उतरली. तरीही जिना जिनाच राहिला. ज्यांना देवडीत काही झाले नव्हते, त्यांच्यातल्या काहींना इथे अजून कसेतरी होई. म्हणून जिन्याच्या पायथ्याशी दुसरी वाटही दिली : माडीच्या उंबऱ्यावर खूण दिसते, तिच्याकडे हात रोखून बटण सोडले की क्षणभर काळोख होतो आणि खेळाडू माडीवर असतो. या उडीची किंमत मोजावी लागते. जिना किती उंच होता हे अंगाला कळत नाही, वाड्याची मापे मनात बसत नाहीत. उडी सगळीकडे दिली तर वाडा म्हणजे सुट्या चित्रांची माळ होते. जिथे भिंती अंगाला लागतात तिथे ती द्यावी आणि बाकी ठिकाणी चालू द्यावे, असा माझा कल आहे.

चाल आणि वळण सावरूनही जे उरते, त्यासाठी व्हिनेट. चालताना दृश्याच्या कडांवर काळोखाची मऊ चौकट येते आणि थांबताच विरते. ती कडांनाच का, हे शेजारच्या लोकलने आधी सांगितलेच आहे. मधले दृश्य उघडे राहते, त्यामुळे खेळाडूला जायचे ते दिसते. भास घडवणारी कडांची धावपळ तेवढी झाकली जाते. फर्नांडिस आणि फायनर यांच्या प्रयोगाचे विशेष हेच की चौकट हळूच आणि सौम्यपणे आली, तर पुष्कळांना ती आल्याचे कळतही नाही आणि त्रास मात्र कमी होतो. इथे वाचकांना सावध करायला हवे. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत एवढे स्पष्ट फळ मिळालेले नाही. खेळ, वेग आणि माणसे बदलली की परिणामही बदलतो. व्हिनेट हे मलम आहे. तीन मीटर वेग आणि सलग वळण तसेच ठेवून त्याच्यावर फासले तर ते फारसे लागू पडत नाही.

युनिटीच्या एक्सआर इंटरॅक्शन टूलकिटमध्ये यासाठी तयार घटक मिळतो. त्यातला `Aperture Size` मधले भोक किती उघडे राहील ते ठरवतो, `Feathering Effect` कड किती मऊ असेल ते, आणि `Ease In Time` व `Ease Out Time` काळोख यायला आणि जायला लागणारा वेळ. वाड्यात मी देवडीसाठी भोक लहान ठेवले, चौकासाठी मोठे, जिन्यासाठी सर्वांत लहान. म्हणजे काळोखाची मात्रा खेळाडूच्या वेगाशी न बांधता भिंतीच्या धावपळीशी बांधली. चौकात काळोख जवळजवळ दिसतच नाही, आणि आकाश उघडे मिळते. काळोख येताना लवकर यावा आणि जाताना थोडा रेंगाळावा. थंबस्टिकला छोट्या छोट्या टिचक्या देत चालणाऱ्या माणसासाठी हे रेंगाळणे फार मोलाचे असते. नाहीतर चौकट दर टिचकीला उघडझाप करते आणि ती उघडझापच डोळ्यांत खुपते. `Ease Out Delay Time` त्याचसाठी आहे. चौकटीत निव्वळ काळोखाऐवजी स्थिर जाळी दाखवण्याची पद्धतही चांगली आहे. घाटात लांबचा डोंगर देतो तसा न हलणारा आधार ती जाळी नजरेला देते.

या चौकटीत हमखास होणारी एक चूक सांगतो. काळोख खेळाच्या चालीवर यायला हवा, खेळाडूच्या स्वतःच्या हालचालीवर नाही. त्याने खरी मान वळवली, तो खोलीत खरी दोन पावले चालला, तेव्हा डोळे आणि कान एकच सांगत असतात आणि झाकण्यासारखे काही नसते. व्हिनेटला कॅमेऱ्याचा वेग जोडला तर ते या खऱ्या हालचालींवरही मिटते आणि खेळाडूला घोड्याच्या झापडा लावल्यासारखे वाटते. थंबस्टिकला हात न लावता भराभर मान फिरवून बघा. कडा जराही काळवंडल्या, तर वेग `rig`कडून घ्यायच्या ऐवजी कॅमेऱ्याकडून घेतला जात आहे.

या सगळ्याच्या आधीची एक पायरी मुद्दाम मागे ठेवली होती. फ्रेम चुकत असतील तर वरच्या कशाचाही उपयोग नाही. ९० हर्ट्झच्या हेडसेटला दर ११.१ मिलिसेकंदांनी नवे चित्र लागते, ७२ हर्ट्झच्या हेडसेटला १३.९नी. ते वेळेत आले नाही की मान वळवल्यावर जग मागे रेंगाळते, आणि मग खेळाडूच्या खऱ्या हालचालीतही विसंगती शिरते. त्रास सांगणाऱ्याला आधी जागचे न हलता नुसते इकडेतिकडे बघायला सांगावे. तेवढ्यानेही कसेतरी होत असेल, तर दोष चालीत नाही. चित्राचा वेग किंवा हेडसेटमधल्या भिंगांचे अंतर आधी पाहावे.

राहिले मोजणे. खेळ बनवणाऱ्याने स्वतःच्या पोटावर विश्वास ठेवू नये. महिनोन्‌महिने रोज हेडसेट घालून त्याला सवय झालेली असते, आणि त्याला सोसलेले पहिल्यांदा येणाऱ्याला सोसत नाही. पाहुणे हवेत, दर चाचणीला नवे, आणि त्यांत गाडी लागणारेही. मी २०११ साली केशवर्ज आणि हेक्ट यांनी मांडलेली साधी पद्धत वापरतो, फक्त दर मिनिटाऐवजी प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर : शून्य ते वीसमधला एक आकडा विचारायचा, शून्य म्हणजे काही नाही, वीस म्हणजे असह्य. त्या आकड्याशेजारी खेळाडू तेव्हा वाड्यात कुठे होता ते लिहायचे. वाड्यातल्या नोंदी देवडीत चढत, चौकात थबकत आणि जिन्यावर पुन्हा चढत गेल्या. भिंतीच्या अंतराचे गणित मला या नोंदींनीच सुचवले. मात्र सुरुवातीलाच लक्षणांची लांबलचक यादी वाचून दाखवू नये. नुसत्या विचारण्यानेही माणसे जास्त लक्षणे सांगू लागतात, हे २००७ साली यंग, एडलस्टीन आणि एलिस यांनी दाखवले आहे.

आकड्यांआधी चेहरा बोलतो. गप्पा मारणारा पाहुणा अबोल होतो, जांभया देतो, वारंवार आवंढा गिळतो, कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम येतो, मान वळवायचे टाळून तो सगळे अंग फिरवू लागतो. यातले काहीही दिसले की लगेच थांबवावे. ‘थोडे सोसा, सवय होईल’ असे कधी म्हणू नये. सवय होते, पण ती त्रास सुरू व्हायच्या आधी थांबत, दिवसाआड थोडे थोडे करत होते. रेटून नेले तर पुढच्या वेळी हेडसेटचा वास आला तरी पोट ढवळते. ज्याला एका बांधणीत त्रास झाला, त्याच्यावर त्याच दिवशी दुसरी बांधणी पारखू नये. त्याचे पोट अजून पहिलीचाच हिशोब देत असते. त्याला लगेच गाडी चालवत घरीही जाऊ देऊ नये.

आज वाड्याचा खेळ सुरू होतो तो दिंडी दरवाजासमोर, अंगणात. तिथे चालावे लागत नाही. दरवाजावर तीन पाट्या आहेत : चाल, वळण आणि व्हिनेट. आधीच निवडलेले असते ते सगळ्यांत सौम्य, म्हणजे उडीची चाल, तीस अंशांचे वळण, पूर्ण व्हिनेट. ज्याला हवे तो यातले एकेक काढत जाऊ शकतो, खेळाच्या मध्यातही. या पाट्या आधी मी सेटिंगच्या तिसऱ्या पानावर ठेवल्या होत्या. तिथवर जायच्या आत माणसे देवडी ओलांडून आजारी पडत. तुम्हाला या विषयाचा श्रीगणेशा करायचा असेल, तर तुमच्याकडच्या कुठल्याही खेळात एकच गोष्ट करून बघा : अरुंद वाटेत थंबस्टिकने चाला आणि खेळातले व्हिनेट एकदा पूर्ण चालू आणि एकदा पूर्ण बंद ठेवून त्याच वाटेने परत या. दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्धा तास, आणि पहिलीत त्रास झाला तर एक दिवस, जाऊ द्या, पाणी प्या, खिडकीतून लांबवर बघा. मग दुसऱ्या फेरीचा आकडा लिहा.